पुणे, ???? आणि एक स्वल्पविराम

एक्सेलमधली कुठलीही शीट घ्या आणि Save As वर जा. फाईलचा प्रकार विचारणारी जी लांबलचक यादी खाली लोंबते, ती सहसा कोणी वाचत नाही. जरा थांबून वाचली, तर त्यात सीएसव्ही नावाचे एकाहून जास्त प्रकार दिसतात. आपल्या कामाचे दोन:

```
CSV UTF-8 (Comma delimited) (*.csv)
CSV (Comma delimited) (*.csv)
```

दोन्हीतून बाहेर येणाऱ्या फाईलचं शेपूट एकच, .csv. आयकॉनही तोच. शीट इंग्रजी असेल तर कुठलीही ओळ निवडा, फारसा फरक पडत नाही. शीटमध्ये ‘पुणे’ एवढा एकच मराठी शब्द असला, तरी मात्र पहिल्या ओळीने तो वाचतो आणि दुसऱ्या ओळीने जातो. जातो म्हणजे अक्षरशः जातो, कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. आणि यातली वरची ओळ एक्सेलमध्ये आली २०१६ साली. एक्सेलच्या पोटात युनिकोड आलं एक्सेल ९७ पासून, विंडोजवर देवनागरी नीट दिसू लागली विंडोज २००० पासून. म्हणजे मराठी शीटमध्ये आली, पण स्वल्पविरामाच्या फाईलमधून सरळ बाहेर पडायला तिला पुढे सोळा वर्षं लागली! हा उशीर का झाला, याची गोष्ट मला कामाच्या निमित्ताने तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. आज ती सलग सांगतो.

सुरुवात स्वल्पविरामापासून. सीएसव्ही हा पर्सनल कॉम्प्युटरच्याही आधीचा प्रकार आहे. १९७२ साली आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरमध्ये स्वल्पविरामाने तोडलेले आकडे वाचायची सोय होती. पंच कार्डावर ठराविक रकान्यातच आकडा पाडायचा, एक घर सरकलं की सगळं गणित चुकायचं. त्यापेक्षा मध्ये स्वल्पविराम टाकून मोकळं व्हा, इतका साधा विचार. या प्रकाराला कोणी मालक नव्हता, म्हणून कोणी नियमही लिहिले नाहीत. पहिला व्यवस्थित लेखी मसुदा आला ऑक्टोबर २००५ मध्ये, आरएफसी ४१८० या नावाने. आता गंमत बघा. त्या मसुद्यात ‘मजकूर’ म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, आणि त्यात बसतात फक्त इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हं. त्या व्याकरणाप्रमाणे ‘प’ हे अक्षर मजकूरच नाही :-)

मुद्दा असा की सीएसव्ही फाईल म्हणजे नुसती बाइट्सची रांग असते. ही बाइट्स कुठल्या लिपीत वाचायची, हे त्या फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. एक्सएमएलमध्ये पहिल्याच ओळीत ते सांगायची जागा असते, वेब पानातही असते. इथे नाही. लिहिणाऱ्याने एक गृहीत धरायचं, वाचणाऱ्याने एक गृहीत धरायचं, आणि दोघांचं जुळलं तर ठीक.

इंग्रजीपुरतं ते नेहमी जुळतं, कारण आस्कीची १२८ चिन्हं जवळपास सगळ्यांनी मान्य केलेली आहेत. पण एका बाइटमध्ये २५६ घरं असतात. उरलेल्या वरच्या १२८ घरांत काय भरायचं हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलं. विंडोजमध्ये या तक्त्यांना कोड पेज म्हणतात. पश्चिम युरोपचं १२५२, रशियनचं १२५१, थाईचं ८७४, जपानीचं ९३२ (तिथे एका अक्षराला दोन बाइट्स लागतात). साधी सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल विंडोजला विचारतं, तुझं कोड पेज कुठलं? आणि त्या तक्त्याप्रमाणे लिहून मोकळं होतं. त्यामुळे मॉस्कोतल्या कारकुनाने रशियन विंडोजवर साधी सीएसव्ही काढली आणि शेजारच्या टेबलावर उघडली, तर ती व्यवस्थित उघडायची. टोकियोतही तेच, बँकॉकमध्येही तेच.

आणि आपल्याकडे? देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोड पेज कधी झालंच नाही.

आता कोणी म्हणेल की तक्ताच नसेल बनलेला. बनला होता की! इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं, आणि पुण्याच्या सी-डॅकने आपल्या जिस्ट तंत्रज्ञानातून ते संगणकावर वापरात आणलं. खालची १२८ घरं आस्कीची, वरच्या घरांत भारतीय अक्षरं. तेही हुशारीने: देवनागरी ‘प’, बंगाली ‘प’, तेलुगू ‘प’ यांना एकच आकडा, लिपी तेवढी बदलायची. युनिकोडने देवनागरीचा आपला विभाग मांडताना क्रम घेतला तो इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच. म्हणजे आज आपल्या फोनवर ‘प’ चा जो क्रमांक आहे, त्यामागे या भारतीय तक्त्याची मांडणी आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पण मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, कोकणी आणली तेव्हा इस्कीला बगल देऊन थेट युनिकोड घेतलं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. देवनागरीत जोडाक्षरं जुळवायला, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवायला वेगळं यंत्र लागतंच. नुसत्या २५६ घरांच्या तक्त्याने ते भागत नाही. पण त्याचा एक दुष्परिणाम झाला. या भाषा विंडोजच्या हिशेबी ‘फक्त युनिकोड’ भाषा ठरल्या. ज्या जुन्या वाटा कोड पेजच्या भरवशावर चालत होत्या, त्या वाटांवर मराठीला काही ओळखपत्रच नव्हतं. साधी सीएसव्ही ही त्यातलीच एक वाट. भारतातल्या बहुतेक संगणकांवर विंडोजची मूळ मांडणी इंग्रजी असते, म्हणजे कोड पेज १२५२. एक्सेल ‘पुणे’ घेऊन तिथे जातं. १२५२ च्या तक्त्यात ‘प’ आहे का? नाही. मग विंडोजचा नियम असा की जे अक्षर तक्त्यात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहा. ‘ु’ आहे का? नाही. ‘ण’? नाही. ‘े’? नाही. झाली चार प्रश्नचिन्हं:

```
????
```

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे प्रश्नचिन्ह ‘मला दाखवता येत नाही’ अशी खूण नाही. फाईलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हाचं बाइट चार वेळा लिहिलेलं असतं. ‘प’ असो की ‘झ’, मागे राहतं तेच एक बाइट. त्यामुळे ही फाईल कशातही उघडा, कुठलाही फाँट टाका, काही उपयोग नाही.

याहून वाईट भाग असा की हे त्या क्षणी दिसत नाही. सेव्ह केल्यावर उघडी शीट पडद्यावर तशीच राहते, छान मराठीत. एक्सेल पडद्यावर दाखवतं ते मेमरीतलं, डिस्कवरची फाईल ते परत वाचत नाही. एखादी सूचना येते खरी, पण ती मोघम असते: या प्रकारात काही गोष्टी टिकणार नाहीत. आपल्याला वाटतं रंग आणि बॉर्डर जातील. जाऊ देत, म्हणून आपण पुढे जातो.

ओळखीच्या एका वाचनालयात हे झालेलं मी जवळून पाहिलं. तालुक्याचं गाव, पुस्तकांचं कागदी दाखल रजिस्टर, आणि ते सगळं एक्सेलमध्ये उतरवायला बसलेले ग्रंथपाल काका. वाचनालयासाठी घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरला यादी सीएसव्हीत हवी होती, म्हणून काकांनी एका संध्याकाळी Save As करून चाचणीपुरती सीएसव्ही काढली. Save As केलं की एक्सेलच्या खिडकीत पुढे तीच नवी फाईल चालू राहते. काका तिच्यातच पुढच्या नोंदी टाकत गेले, रोज कंट्रोल-एस मारून, लॅपटॉपचं झाकण मिटून घरी जात राहिले. एक्सेल बंद असं केलंच नाही, त्यामुळे रोज सकाळी मराठी जशीच्या तशी समोर. आठवड्याने विंडोजने अपडेट घेऊन लॅपटॉप परस्पर रीस्टार्ट केला. मग फोन आला.

“अरे, सगळीकडे प्रश्नच प्रश्न झालेत. फाँट गेला वाटतं.”

“काका, एक्सेल अजून उघडं आहे का जुनं?”

“नाही रे, आपोआप बंद झालं ते.”

उघडं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं: त्याच खिडकीतून पुन्हा Save As, प्रकार .xlsx, सगळं जिवंत. आता हातात राहिली होती Save As च्या आधीची .xlsx आणि त्यानंतरच्या तीनशेवर नोंदींची प्रश्नचिन्हं. ‘ययाति’ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं, ‘कोसला’ म्हणजेही पाचच. ‘स्वामी’ सहा, ‘पानिपत’ही सहा. सुदैवाने दाखल क्रमांक काकांनी इंग्रजी आकड्यांत टाकले होते. आस्की असल्याने ते वाचले, आणि त्यांच्यावरून रजिस्टर बघून शीर्षकं आणि लेखक पुन्हा टंकता आले. क्रमांक देवनागरी आकड्यांत असते तर तेही गेले असते.

खरी पंचाईत होती देणगीदारांच्या रकान्याची. कोणी किती पुस्तकं दिली हे रजिस्टरमध्ये नव्हतं. ते चिठ्ठ्यांवर होतं, आणि चिठ्ठ्या शीटमध्ये उतरवून झाल्यावर टाकून दिल्या होत्या. मग आम्ही प्रश्नचिन्हं मोजायला बसलो. त्या आठवड्यात पुस्तकं देऊन गेलेली मंडळी काकांना आठवत होती, आणि आडनावातलं प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत यांचं एकेक प्रश्नचिन्ह होतं. कदम तीन, जोशी चार, देशमुख सहा, कुलकर्णी आठ (क, ु, ल, क, र, ्, ण, ी). या हिशेबाने बरीच पुस्तकं आपापल्या माणसांना परत मिळाली. अडलं ते पाचावर. पाटील पाच आणि शिंदेही पाच (श, ि, ं, द, े). दोघांनीही त्याच आठवड्यात पुस्तकं दिली होती. काकांनी शेवटी दोघांच्याही घरी जाऊन विचारलं.

असो. आता दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाकडे येतो, कारण लोक दोन्हींना ‘फाँट गेला’ असंच म्हणतात आणि त्यात जिवंत फाईली फेकून देतात. पण त्याआधी यूटीएफ-८ म्हणजे काय ते बघायला हवं.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला, पण तो क्रमांक बाइट्समध्ये लिहायचा कसा हा वेगळाच प्रश्न. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बाइट्स. विंडोजने हेच केलं. त्याचं आजचं रूप यूटीएफ-१६. एक्सेलमध्ये Unicode Text नावाचा जो जुना प्रकार आहे तो याच लिखाणाचा, टॅबने तोडलेला. मराठी त्यात टिकते. पण बाइट बाइट वाचणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांच्या तोंडी ही फाईल दिली की काय होतं बघा. देवनागरीच्या सगळ्या क्रमांकांची सुरुवात षोडशमान ०९ ने होते, आणि ०९ हे बाइट म्हणजे आस्कीत टॅब. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराच्या पोटात एक टॅब! त्यात ‘ब’ चा क्रमांक U+092C, आणि 2C म्हणजे स्वल्पविराम. ‘ढ’ U+0922, तर 22 म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. ‘ऊ’ U+090A, आणि 0A म्हणजे नवी ओळ. ‘बटाट्याची चाळ’ असं शीर्षक आलं तर असा प्रोग्रॅम पहिल्याच अक्षराला रकाना मोडून टाकणार. स्वल्पविरामावर जगणाऱ्या फाईलसाठी यापेक्षा गैरसोयीचं लिखाण शोधून सापडणार नाही.

हे कोडं सोडवलं केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी, सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, जेवणाच्या ताटाखाली ठेवायच्या कागदावर. दोघे बेल लॅब्जमध्ये प्लॅन ९ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. आठवड्याच्या आत ती अख्खी सिस्टिम या नव्या लिखाणावर चालायला लागली. त्यांचा नियम थोडक्यात असा: आस्कीची चिन्हं पूर्वीसारखीच एका बाइटमध्ये, आणि बाकीची अक्षरं दोन किंवा जास्त बाइट्समध्ये. पण या जास्त बाइट्सपैकी एकही बाइट खालच्या १२८ घरांतलं वापरायचं नाही. आपल्या सीएसव्हीसाठी हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं. यूटीएफ-८ फाईलमध्ये 2C हे बाइट दिसलं की तो स्वल्पविरामच, कुठल्या अक्षराचा तुकडा असूच शकत नाही. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमला मराठीचा गंधही नाही, तोसुद्धा रकाने बरोबर तोडतो आणि मधली बाइट्स न समजताही जशीच्या तशी पुढे देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यात तीन बाइट्स घेतं. ‘पुणे’ ची बाइट्स अशी:

```
प  E0 A4 AA
ु  E0 A5 81
ण  E0 A4 A3
े  E0 A5 87
```

इस्कीत हाच शब्द चार बाइट्समध्ये मावला असता, इथे बारा लागतात, यावरून पूर्वी बरेच वाद झाले. तीनशे नोंदींच्या यादीत त्याने काही बिघडत नाही.

आता दुसरा बिघाड. गुगल शीट्समधून सीएसव्ही डाऊनलोड केली तर ती यूटीएफ-८ मध्येच असते. ती फाईल एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडा. एक्सेलला फाईलमध्ये भाषेची काही खूण दिसत नाही, म्हणून ते सहसा जुनं कोड पेज गृहीत धरतं आणि वरच्या बारा बाइट्सना १२५२ ची बारा अक्षरं समजतं. E0 म्हणजे à, A4 म्हणजे ¤, A5 म्हणजे ¥. पडद्यावर येतं ते असं:

```
à¤ªà¥à¤£à¥‡
```

(मोजलीत तर अकराच दिसतील. 81 या बाइटला १२५२ मध्ये दिसणारं चिन्हच नाही.) बघताना हे प्रश्नचिन्हांपेक्षा भयंकर वाटतं, पण हा बरा आजार आहे. बाइट्स सगळी शाबूत आहेत, फक्त चुकीच्या तक्त्यातून वाचली गेली. à¤ आणि à¥ अशा जोड्या पुन्हा पुन्हा दिसल्या की समजा, मराठी आत जिवंत आहे. इथे एकच पथ्य: तिथे सेव्ह करायचं नाही. तो कचरा काढून टाकायला फाइंड-रिप्लेस तर मुळीच नाही. ‘ठ’ चं तिसरं बाइट A0 आहे, ते १२५२ मध्ये रिकामी जागा म्हणून दिसतं; कोणी उत्साहाने जास्तीच्या जागा साफ केल्या की ‘मराठी’तला ‘ठ’ गेला.

फाईल न सेव्ह करता बंद करा. रिकामी शीट उघडून Data टॅबवर From Text/CSV घ्या, फाईल निवडा, आणि File Origin मध्ये ही ओळ निवडा:

```
65001: Unicode (UTF-8)
```

खालच्या नमुन्यात लगेच ‘पुणे’ दिसायला हवं. दिसलं की मग Load. त्याच खिडकीत Transform Data मध्ये जाऊन दाखल क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठरवता येतो. ते केलं नाही तर 00457 चा 457 होतो, आणि तो घोटाळा लिपीचा नसल्याने लवकर लक्षातही येत नाही.

तिसरा एक प्रकार आहे, त्याला यूटीएफ-८ चा इलाज चालत नाही. शीट युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेली असेल, उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये, तर सीएसव्हीत ‘पुणे’ च्या जागी असं दिसतं:

```
iq.ks
```

यात काहीच हरवलेलं नाही, कारण मराठी तिथे कधी नव्हतीच. फाईलमध्ये पहिल्यापासून इंग्रजी अक्षरं होती आणि फाँटने त्यांना देवनागरीचे कपडे घातले होते. सीएसव्ही फाँट सोबत नेत नाही, म्हणून कपडे उतरले. अशी शीट आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायची, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, आणि मगच सीएसव्हीकडे वळायचं.

आता मूळ कामाकडे. युनिकोड मराठी असलेली शीट आधी .xlsx म्हणून सेव्ह करा. हीच मूळ प्रत, पुढची कामं हिच्यातच करायची. मग Save As मध्ये UTF-8 लिहिलेली ओळ निवडा. सीएसव्हीत फक्त समोरची एकच शीट जाते, तेव्हा वर्कबुकमध्ये तीन शीट असतील तर तीनदा करावं लागेल. सेव्ह झालं की ती खिडकी बंद करा आणि फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, एक्सेलमध्ये नाही. नोटपॅड फाईलमधला मजकूर काही न बदलता दाखवतं. वाचनालयाची फाईल तिथे अशी दिसली पाहिजे:

```
दाखल क्रमांक,शीर्षक,लेखक
00457,बटाट्याची चाळ,"देशपांडे, पु. ल."
```

लेखकाभोवतीची अवतरणचिन्हं एक्सेलने स्वतःहून घातली आहेत, कारण ग्रंथपाल आडनाव आधी लिहून स्वल्पविराम देतात, आणि तो रकाना तोडणारा नाही हे सांगायला हवं. ती खोडू नका. नोटपॅडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे UTF-8 with BOM असं लिहिलेलं दिसेल.

ज्यांच्याकडे २०१६ च्या आधीचं एक्सेल आहे त्यांच्या यादीत ही ओळ नसते. एकरकमी विकत घेतलेल्या २०१६ च्या आवृत्तीतही ती नव्हती, वर्गणीवाल्यांनाच मिळाली. एकरकमीवाल्यांना २०१९ पर्यंत थांबावं लागलं. अशांना Save As च्या Tools मध्ये Web Options, त्यात Encoding, त्यात UTF-8 असा मार्ग कोणीतरी सांगतंच. तो रस्ता सीएसव्हीपर्यंत पोचत नाही. ती सोय वेब पान म्हणून सेव्ह करण्यासाठी आहे, सीएसव्ही काढताना एक्सेल तिच्याकडे बघतही नाही. त्यापेक्षा लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये .xlsx उघडा, Save As मध्ये Text CSV घ्या, Edit filter settings वर खूण करा आणि पुढच्या खिडकीत Unicode (UTF-8) निवडा. एक्सेलला सोळा वर्षं लागलेली गोष्ट तिथे साध्या यादीत आधीपासून होती.

राहिला तो बीओएम. एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही लिहिताना फाईलच्या अगदी सुरुवातीला EF BB BF अशी तीन बाइट्स टाकतं. मुळात ही खूण यूटीएफ-१६ साठी, दोन बाइट्सपैकी आधी कुठलं हे सांगायला. यूटीएफ-८ मध्ये असा प्रश्नच उद्भवत नाही. पण विंडोजच्या जगात तिचा उपयोग ‘ही फाईल यूटीएफ-८ आहे बरं का’ अशा शिक्क्यासारखा होऊ लागला, आणि सीएसव्हीत लिपी सांगायची जागा नसल्यामुळे तो शिक्का एक्सेलच्या फार कामाचा ठरला. शिक्का असेल तर डबल-क्लिकनेही मराठी नीट उघडते. युनिक्सच्या परंपरेतल्या प्रोग्रॅमांना मात्र हा शिक्का म्हणजे पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेलं एक अदृश्य अक्षर वाटतं.

वाचनालयात शेवटी तेच झालं. सगळी यादी दुरुस्त करून, यूटीएफ-८ मध्ये काढून सॉफ्टवेअरला दिली, तर ते म्हणायला लागलं की ‘दाखल क्रमांक’ नावाचा रकानाच सापडत नाही. पडद्यावर तर पहिलाच रकाना तो! बाकीचे सगळे रकाने सापडत होते आणि फक्त पहिलाच हरवत होता. बीओएम अडकल्याची हीच खूण. नोटपॅडमध्ये फाईल उघडून Save As मध्ये Encoding चं UTF-8 with BOM बदलून नुसतं UTF-8 केलं, आणि सॉफ्टवेअरने यादी मुकाट्याने घेतली. (विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून नोटपॅडमध्ये हे दोन वेगळे पर्याय दिसतात. त्याआधीच्या नोटपॅडचं UTF-8 म्हणजे बीओएमसकटच.) पायथॉनने वाचणार असाल तर एवढंही करायला नको:

```python
open("pustake.csv", encoding="utf-8-sig", newline="")
```

utf-8-sig असं सांगितलं की शिक्का असला तर तो काढून टाकला जातो, नसला तर तक्रार होत नाही.

काकांच्या संगणकावर आता दोन सीएसव्ही असतात, एक सॉफ्टवेअरला द्यायची, बिनशिक्क्याची, आणि एक समितीच्या सभासदांना मेलने पाठवायची, शिक्क्याची, कारण ते सगळे फाईल डबल-क्लिकनेच उघडतात. फाईलींच्या नावांत काकांनी तसं लिहूनच ठेवलंय.